एसआयपीच्या आधी: अडीअडचणीचा पैसा किती ठेवायचा आणि कुठे

जानेवारी 2020 च्या मध्यात निफ्टी 12,362 वर होता. 23 मार्चला तो 7,610 वर बंद झाला, म्हणजे जेमतेम सव्वादोन महिन्यांत 38 टक्क्यांची घसरण. त्याच आठवड्यात देशभर टाळेबंदी लागली, बडोद्यात मकरपुऱ्याच्या जीआयडीसी औद्योगिक वसाहतीतली यंत्रं थांबली, आणि पुढच्या महिन्यांत कित्येक घरांत पगार अर्धा आला किंवा आलाच नाही. ज्यांची सगळी बचत इंडेक्स फंडात होती त्यांना घर चालवायला तेव्हाच युनिट विकावी लागली. जानेवारीतल्या 1 लाखाचे हातात 62,000 आले. ज्यांच्याकडे वेगळा पैसा होता त्यांनी युनिटला हात लावला नाही, आणि नोव्हेंबर 2020 मध्ये निफ्टी जुन्या उंचीवर परत आला.

गुंतवणुकीआधी अडीअडचणीचा पैसा बाजूला काढायचा तो यासाठी. पगार थांबणं आणि बाजार पडणं या दोन गोष्टी बऱ्याचदा हातात हात घालून येतात, कारण दोन्हींमागे मंदीच असते. म्हणून "लागलं तर म्युच्युअल फंड मोडू" हा बेत नेमका नको त्या दिवशी फसतो. 2020 च्या मार्च ते नोव्हेंबरसारखे आठ महिने विक्री न करता काढता यावेत एवढी रक्कम ज्याच्याकडे असते, त्यालाच शेअर बाजारात दहा-पंधरा वर्षं टिकून राहता येतं.

आता ही रक्कम किती? "सहा महिन्यांचा खर्च" हे उत्तर सगळीकडे ऐकू येतं. ते चूक नाही, पण कुठला खर्च आणि सहाच महिने का, हे त्यातून कळत नाही. एक कुटुंब घेऊन हिशोब मांडू. कुटुंब कल्पनेतलं आहे, पण आकडे बडोद्यातल्या मध्यमवर्गीय मराठी घराला ओळखीचे वाटावेत असे धरले आहेत.

दांडिया बाजाराच्या जवळ राहणारं जोडपं, दोन शाळकरी मुलं, बहात्तर वर्षांच्या आई. तो जीआयडीसीत क्वालिटी विभागात, हातात पगार 58,000. ती घरी शिकवण्या घेते, महिन्याला सरासरी 12,000. एकूण 70,000. सगळे जातात, त्यातले 8,000 एसआयपीत.

पहिलं काम म्हणजे खर्चाचे दोन भाग करायचे: पगार थांबला तरी जो द्यावाच लागतो तो, आणि जो दुसऱ्या दिवसापासून थांबवता येतो तो. या घरात पहिल्या भागात घराचा हप्ता 14,500, किराणा-दूध-भाजी-गॅस 13,000, लाइट बिल आणि मोबाइल 3,500, शाळेची फी महिन्याच्या हिशेबाने 5,000, आईंची औषधं 3,000, पेट्रोल 3,000 आणि सोसायटीचा मेंटेनन्स 1,500 येतात. याशिवाय आरोग्य विमा आणि टर्म विमा मिळून वर्षाचा हप्ता 42,000, म्हणजे महिन्याला 3,500. सगळं मिळून 47,000. उरलेले 15,000 कपडे, बाहेरचं खाणं, सणवार, सहली यांत जातात आणि ते थांबवता येतात. एसआयपी तर थांबवता येतेच.

विम्याचा हप्ता बहुतेक लोक या यादीत विसरतात, कारण तो वर्षातून एकदा येतो. नोकरी गेलेल्या वर्षीच तो चुकला तर मोठाच घोटाळा. शिवाय बऱ्याच जणांचा आरोग्य विमा फक्त कंपनीचा असतो, आणि नोकरीबरोबर तोही जातो. अशा घराने आधी स्वतःची पॉलिसी घ्यावी. नाहीतर हॉस्पिटलच्या बिलाएवढी रोकड साठवायला हवी, आणि तेवढी कोणाकडूनच साठत नाही.

दुसरं काम, मिळकतीचं. त्याची नोकरी गेली तरी तिच्या शिकवण्या चालू राहिल्या, तर दर महिन्याला कमी पडतात 47,000 वजा 12,000, म्हणजे 35,000. ही वजाबाकी मात्र जपून करावी. दोघंही एकाच कंपनीत असतील, किंवा एकच संकट दोघांची कमाई थांबवू शकत असेल, तर वजाबाकी करू नये, पूर्ण 47,000 धरावेत. कोविडमध्ये शिकवण्याही काही काळ थांबल्या होत्या, पण मुलं पुन्हा आली. म्हणून इथे मी 35,000 धरतो आणि महिने थोडे जास्त घेतो.

महिने किती, याचं उत्तर पुस्तकात नसतं. आपल्याच कामातल्या, आपल्याच पगाराच्या आणि वयाच्या माणसाला दुसरी नोकरी लागायला किती वेळ लागला, हे ओळखीतल्या तीन-चार जणांना विचारून बघावं. पंचविशीतल्या मुलाला दोन-तीन महिन्यांत काम मिळतं. पंचेचाळिशीतल्या मॅनेजरला तेवढ्याच पगारावर सहा-आठ महिनेही लागतात, कारण तशा जागाच थोड्या असतात. मंगळ बाजारात दुकान असणाऱ्याने नऊ ते बारा महिने धरावेत, आणि दुकानाचं खेळतं भांडवल यात मोजू नये. गिऱ्हाईक थांबलं की आधी तेच अडकतं. आपल्या कुटुंबासाठी सहा महिने घेऊ: 35,000 गुणिले 6, म्हणजे 2,10,000.

तिसरा भाग म्हणजे एकदम बसणारा फटका. नोकरी शाबूत असते, पण एका दिवसात मोठी रक्कम लागते. बडोद्याला हे वेगळं सांगायला नको. ऑगस्ट 2024 मध्ये विश्वामित्रीचं पाणी अकोटा, कारेलीबाग, समा भागांत घरांत शिरलं, तेव्हा तळमजल्यावरचे फ्रिज, वॉशिंग मशीन, पार्किंगमधल्या स्कूटर सगळं पाण्याखाली गेलं. ज्यांच्या गाडीचा विमा फक्त थर्ड पार्टी होता त्यांना पुराच्या नुकसानीचं काहीच मिळत नाही. पूर्ण विमा असला तरी दावा मंजूर होईपर्यंत गॅरेजचं बिल अंगावर असतं. हॉस्पिटलचंही तसंच. कॅशलेसची मंजुरी यायच्या आधी बऱ्याच ठिकाणी अनामत मागतात, आणि ज्येष्ठांच्या पॉलिसीत बिलाचा ठरावीक टक्का आपणच भरायचा अशी अट अनेकदा असते. या सगळ्याचा अंदाज करून या घरासाठी 90,000 धरू.

2,10,000 अधिक 90,000, म्हणजे 3 लाख. सरसकट नियम लावून सगळ्या खर्चाच्या सहापट काढली असती, तर एसआयपी सोडून महिन्याचे 62,000 गुणिले 6, म्हणजे 3,72,000 झाले असते. फरक 72,000 चा. घराचा हिशोब घराप्रमाणे मांडला की आकडा आवाक्यात येतो, आणि आवाक्यातला आकडा माणूस खरोखर पुरा करतो.

आता ठेवायचे कुठे? इथे लोक व्याजाकडे बघतात आणि वाट चुकतात. 1 लाखावर 1 टक्का जास्त व्याज म्हणजे वर्षाला 1,000 रुपये. त्या हजारासाठी पैसा अडकण्याची किंवा बुडण्याची जोखीम घेणं मला अजिबात पटत नाही. या पैशाला दोनच प्रश्न विचारायचे: मागितल्यावर किती वेळात हातात येईल, आणि येताना मुद्दल पूर्ण येईल का?

वेळेच्या हिशेबाने त्याचे थर पडतात. सगळ्यात वर घरातली रोकड. या कुटुंबाला 10,000 पुरे, पण 100 आणि 200 च्या नोटांत. पुरात वीज गेली, मोबाइल मंदावले, तेव्हा यूपीआय आणि एटीएम दोन्ही निरुपयोगी झाले, आणि दूध-पाणी रोखीनेच मिळत होतं. नोटा प्लास्टिकच्या बंद पिशवीत, तळमजल्यावर घर असेल तर वरच्या कपाटात ठेवाव्यात.

त्याखाली बचत खात्यात 50,000. हे खातं पगाराच्या खात्यापेक्षा वेगळं, आणि जमलं तर वेगळ्या बँकेत असावं. एक कारण शिस्तीचं: पगाराच्या खात्यातला पैसा खर्च होऊन जातो. दुसरं कारण जास्त महत्त्वाचं. बँकेचं सर्व्हर बंद पडणं, कार्ड ब्लॉक होणं, केवायसी राहिल्यामुळे खातं गोठणं हे प्रकार घडतात, आणि त्या दिवशी दुसऱ्या बँकेत काहीतरी असावं लागतं.

तिसरा थर मुदत ठेवीचा, 1,40,000. ही एकच एफडी न करता 35,000 च्या चार कराव्यात. एका महिन्याची तूट भागवायला एकच मोडायची, बाकीच्या तीन व्याज कमावत राहतात. स्वीपची सोय असलेलं खातंही चालतं. त्यात ठरावीक रकमेच्या वरचा पैसा आपोआप एफडीत जातो आणि लागेल तेवढाच परत येतो. मोडल्यावर नुकसान किती, हेही बघून घेऊ. समजा वर्षाची एफडी 6.5 टक्क्यांनी केली आणि चौथा महिना संपताच मोडली. बँक 6.5 टक्के देत नाही. चार महिन्यांच्या ठेवीला जो दर असतो तो देते, आणि त्यातून बहुतेक ठिकाणी अर्धा ते एक टक्का दंड कापते. चार महिन्यांचा दर 5 धरला आणि दंड 1, तर हातात 4 टक्के. 35,000 वर चार महिन्यांचे साधारण 467 रुपये मिळतात. 6.5 ने 758 झाले असते. म्हणजे गेले 291 रुपये, मुद्दल जसंच्या तसं. याच जागी युनिट विकण्याचा 2020 चा हिशोब ठेवून पाहा. गरज पंधरा-वीस दिवसांचीच असेल, उदाहरणार्थ विम्याचा परतावा यायचा आहे, तर एफडी न मोडता तिच्यावर ओव्हरड्राफ्ट घ्यावा. तो ठेवीच्या दरापेक्षा एक-दोन टक्के महाग पडतो, पण थोड्याच दिवसांसाठी. पाच वर्षांची करबचतीची एफडी मात्र या थरात चालत नाही. ती मुदतीआधी मोडताच येत नाही.

चौथा थर, उरलेले 1 लाख, लिक्विड फंडात ठेवता येतात. हे फंड 91 दिवसांपर्यंत मुदत असलेल्या कर्जरोख्यांत पैसे घालतात, म्हणून त्यांत चढउतार फार कमी असतो. सकाळी विकायची विनंती टाकली तर पैसे सहसा कामकाजाच्या पुढच्या दिवशी खात्यात येतात. पण शुक्रवारी दुपारी 3 नंतर टाकलेली विनंती सोमवारची धरली जाते आणि पैसे मंगळवारी मिळतात. काही योजनांत तत्काळ पैसे काढायची सोय असते, तीही दिवसाला 50,000 किंवा शिलकीच्या 90 टक्के, यांतलं जे कमी असेल तेवढीच. घेतल्यापासून सात दिवसांच्या आत काढले तर किंचित एक्झिट लोड लागतो. आणि हे बँकेचे पैसे नव्हेत, याला ठेव विमा नाही. ज्याला म्युच्युअल फंडाची सवय नाही, त्याने हा 1 लाखही एफडीत ठेवला तर काही बिघडत नाही. माझ्या आईवडिलांसाठी मी तेच केलं.

लिक्विड फंड हा डेट फंडांतलाच एक प्रकार, पण डेट फंड हे नाव ऐकून सगळेच सारखे समजू नयेत. 23 एप्रिल 2020 ला फ्रँकलिन टेम्पलटनने आपल्या सहा डेट योजना गुंडाळायचं जाहीर केलं. त्यात अल्ट्रा शॉर्ट आणि लो ड्युरेशन या सौम्य वाटणाऱ्या नावांच्या योजनाही होत्या. गुंतवणूकदारांना पैसे पुढे टप्प्याटप्प्याने मिळाले, पण टाळेबंदीत, ज्या महिन्यांत ते हवे होते, त्या महिन्यांत दार बंद होतं. अर्धा-एक टक्का जादा मिळावा म्हणून या योजनांनी कमी पतमानाच्या कंपन्यांचे रोखे घेतले होते, आणि घबराटीत त्यांना गिऱ्हाईकच उरलं नाही. म्हणून अडीअडचणीच्या पैशासाठी लिक्विड किंवा एका दिवसाच्या मुदतीच्या रोख्यांत पैसे घालणारे ओव्हरनाइट फंड यांच्या पलीकडे जाऊ नये. लिक्विड फंड निवडतानाही त्याने कुठले रोखे घेतलेत ते फॅक्टशीटमध्ये पाहावं: बहुतांश सरकारी ट्रेझरी बिलं आणि मोठ्या बँकांचे रोखे असावेत.

बँकेच्या बाबतीत गुजरातला वेगळा अनुभव आहे. 2001 मध्ये अहमदाबादची माधवपुरा मर्कंटाइल सहकारी बँक अडचणीत आली तेव्हा तिची झळ राज्यभरातल्या सहकारी बँकांना लागली. आज बँकेतल्या ठेवींना प्रत्येक ठेवीदारामागे, प्रत्येक बँकेत, मुद्दल आणि व्याज मिळून 5 लाखांपर्यंत विमा आहे. फेब्रुवारी 2020 पर्यंत तो फक्त 1 लाख होता. एकाच बँकेच्या दोन शाखांत पैसे ठेवले तरी मर्यादा एकच राहते. 2021 च्या दुरुस्तीनंतर बँकेवर निर्बंध आले तर विम्याची रक्कम 90 दिवसांत मिळायची तरतूद आहे. पण नव्वद दिवस म्हणजे तीन महिने, म्हणून आपले 3 लाख विम्यात बसत असले तरी दोन बँकांत विभागावेत. क्रेडिट सोसायट्या आणि शराफी मंडळ्या या बँका नाहीत, त्यांना हा विमा लागू नाही. चेअरमन कितीही ओळखीचे असले आणि व्याज दोन टक्के जास्त असलं, तरी हा पैसा तिथे नको. भिशीतला पैसाही यात मोजू नये. आपला नंबर कधी लागेल ते आपल्या अडचणीवर ठरत नाही.

आता साठवायचे कसे? आपल्या कुटुंबाकडे आज बचत खात्यात 40,000 आहेत, म्हणजे 2,60,000 कमी आहेत. एसआयपीचे 8,000 आणि थांबवता येणाऱ्या 15,000 मधले 4,000, असे महिन्याला 12,000 निघतात. माझं मत असं की निम्मी रक्कम, म्हणजे दीड लाख, होईपर्यंत एसआयपी पूर्ण थांबवावी. जुनी युनिट विकायची नाहीत, फक्त नवे हप्ते थांबवायचे. पगारातून पीएफ कापला जातोच, त्यामुळे भविष्यासाठीची गुंतवणूक थांबली असं होत नाही. दिवाळीचा बोनस 32,000 धरला आणि तो याच काळात आला, तर 40,000 अधिक 32,000 अधिक सात महिन्यांचे 84,000 मिळून 1,56,000 होतात. त्यानंतर 4,000 ची एसआयपी सुरू करावी आणि 8,000 या खात्यात टाकत राहावेत. उरलेले 1,44,000 अठरा महिन्यांत पुरे होतात. एकूण 25 महिने. क्रेडिट कार्डाची थकबाकी असेल तर हा क्रम बदलतो. हातात एका महिन्याचे पैसे झाले की आधी ती फेडावी, कारण तिच्यावर महिन्याला 3 टक्क्यांच्या वर व्याज चढतं.

एसआयपी थांबवताना फंडाच्या अॅपवर किंवा एजंटकडून ती रीतसर बंद किंवा स्थगित करून घ्यावी. नुसतं खातं रिकामं ठेवलं तर हप्ता परत जातो आणि बँक दर वेळी दंड लावते.

पैसे साठू लागले की गळती सुरू होते. शाळेची फी, गाडीचा विमा, गणपती, भाच्याचं लग्न. यांच्या तारखा आधीपासून माहीत असतात, म्हणून त्या अडचणी नाहीत. त्यांच्यासाठी वेगळी आवर्ती ठेव लावावी. वर्षात दोनदा एफडी मोडावी लागली आणि दोन्ही वेळा कारण आधीच कॅलेंडरवर होतं, तर समजावं की महिन्याच्या हिशोबातच भोक आहे.

शेवटची गोष्ट सहीची, आणि ती मी सगळ्यांना विचारायला सांगतो. नवराबायकोच्या संयुक्त एफडीवर "दोघांपैकी कोणीही किंवा हयात" असं लिहिलेलं असतं, म्हणून आपण समजतो की कोणीही मोडू शकतं. मुदत पूर्ण झाल्यावर पैसे घ्यायला एक सही पुरते. मुदतीआधी मोडायला मात्र बँक दोघांच्या सह्या मागू शकते. एकजण आयसीयूत असेल तर ती सही येणार कुठून? आणि एकाचा मृत्यू झाला, तर मुदतीआधी पैसे देण्यासाठी त्याच्या वारसांची संमतीही मागितली जाऊ शकते. मृत्यूच्या बाबतीत उपाय सोपा आहे. एफडी करतानाच, किंवा आधीच केली असेल तर आज शाखेत जाऊन, हयात ठेवीदाराला मुदतीआधी पैसे काढता येतील अशी दोघांच्या सहीची लेखी सूचना बँकेला द्यावी आणि तिची पोच घ्यावी. आयसीयूसारख्या प्रसंगासाठी चारपैकी दोन एफडी तिच्या एकटीच्या नावावर, नॉमिनी तो, आणि दोन त्याच्या एकट्याच्या नावावर, नॉमिनी ती, असं केलं तर निदान एका बाजूचे पैसे कोणत्याही दिवशी एका सहीवर निघतात.